आजाराचं नाव न लिहिता मिळालेलं वैद्यकीय प्रमाणपत्र

नोव्हेंबर २०२४ मध्ये एम.एस्सी.च्या तिसऱ्या सत्राची परीक्षा चालू असताना मी आजारी पडले आणि पाचपैकी चार पेपर हुकले. ते चार पेपर मी जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला दिले. मधल्या काळात कॉलेजला एक वैद्यकीय प्रमाणपत्र द्यायचं होतं, आणि त्या एका कागदावर काय लिहायचं, काय नाही, यावर घरात, दवाखान्यात आणि परीक्षा विभागात बराच खल झाला. मला काय झालं होतं हे घरचे, माझी खोलीवरची मैत्रीण आणि डॉक्टर एवढ्यांनाच ठाऊक आहे. इथेही मी ते सांगणार नाही. आजाराचं नाव न सांगता परीक्षा रीतसर पुढे ढकलून मिळते, आणि त्यासाठी कागद कसे तयार करावे लागतात, तेवढंच लिहायचंय.

आम्ही बार्शीचे. मी पुण्यात एका स्वायत्त कॉलेजात शिकते. स्वायत्त म्हणजे परीक्षा कॉलेजच घेतं, त्यामुळे पेपर पुन्हा घ्यायचा की नाही हे कॉलेजची परीक्षा समिती ठरवते. संलग्न कॉलेजात सत्राची लेखी परीक्षा विद्यापीठाची असते, तिथे प्राचार्यांच्या हातात फारसं काही नसतं. बहुतेक वेळा गैरहजर शेरा लागतो आणि पुढच्या सत्रात तो विषय पुन्हा द्यावा लागतो. म्हणून सगळ्यात आधी परीक्षा कोणाची आहे ते बघा आणि त्यांचीच नियमावली उघडा.

पहिला पेपर सोमवारी, २५ नोव्हेंबरला होता. अंगात ताप होता, पण तो मी दिला. मंगळवारी रात्री मला दवाखान्यात हलवावं लागलं आणि तिथून थेट अतिदक्षता विभागात. पुढचे काही दिवस मला नीटसे आठवत नाहीत. आई-बाबा बार्शीहून निघाले होते आणि पुण्यातले मामा रात्रभर दवाखान्यातच होते. कॉलेजची नियमावली माझ्या मैत्रिणीनं संकेतस्थळावरून उतरवून मामांना वाचून दाखवली. हुकलेल्या पेपरपासून तीन कामकाजाच्या दिवसांत लेखी कळवायचं आणि परीक्षा संपल्यापासून पंधरा दिवसांत कागदपत्रं द्यायची, असा नियम होता. कळवणं आणि कागद देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या घाईत तिच्या लक्षात आलं, म्हणून पुढचं सगळं शक्य झालं.

मामांनी २७ तारखेलाच परीक्षा विभागाला मेल केला. त्यात माझं नाव, बैठक क्रमांक, कोणत्या तारखेपासून रुग्णालयात दाखल आहे, आणि ‘वैद्यकीय प्रमाणपत्र विद्यार्थिनीच्या प्रकृतीत सुधारणा होताच मुदतीत सादर करू’, एवढंच होतं. कुठल्या विभागात, कशासाठी, यातलं काही नाही. दुसऱ्या दिवशी ‘मेल मिळाला’ असं एका ओळीचं उत्तर आलं. मामांनी ते छापून ठेवलं. पुढे एकदा मुदतीचा प्रश्न निघाला तेव्हा ती एक ओळच कामी आली. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारपूस सुरू झाली होती, तिथे मैत्रिणीनं ‘दवाखान्यात आहे, सुधारते आहे’ यापलीकडे एक शब्द लिहिला नाही.

७ डिसेंबरला घरी सोडलं. हातात खाकी फाईल आली. डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, बिल, औषधांची चिठ्ठी आणि सगळ्यात वर निवासी डॉक्टरांनी दिलेलं वैद्यकीय प्रमाणपत्र. मामींच्या घरी पलंगावर पडल्यापडल्या मी ते वाचलं. छापील नमुना होता, मोकळ्या जागा पेनानं भरलेल्या. वरती त्या विशेष विभागाचं नाव ठळक अक्षरांत, म्हणजे नाव वाचलं की आजाराचा अर्धा अंदाज आलाच. खाली निदान, पूर्ण. त्याच्याशेजारी रोगाचा सांकेतिक क्रमांक, जो कोणीही इंटरनेटवर टाकून अर्थ काढू शकतो. आणि शेवटी ‘७ डिसेंबरपासून चार आठवडे विश्रांतीचा सल्ला’. माझे हुकलेले पेपर २७ आणि २९ नोव्हेंबर, २ आणि ४ डिसेंबरचे. त्या तारखांबद्दल कागदावर चकार शब्द नव्हता. परीक्षेला बसण्याच्या अवस्थेत मी होते की नव्हते, हेही नव्हतं. सांगायला नको ते सगळं होतं आणि हवं ते एकही नव्हतं. तुमच्या हातात प्रमाणपत्र पडेल तेव्हा दवाखान्यातून निघायच्या आधीच त्यातल्या तारखा आपल्या वेळापत्रकाशी ताडून बघा.

सोमवारी मामा नुसती चौकशी करायला कॉलेजात गेले. परीक्षा विभागातल्या काकांनी सांगितलं, ‘‘पूर्ण फाईलची झेरॉक्स जोडा. डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, बिल, सगळं. आणि सिव्हिल सर्जनची सही आणा.’’ मामा शांत माणूस. ते म्हणाले, ‘‘साहेब, नियमात जसं लिहिलंय तसं सगळं देतो. तेवढं कलम दाखवाल का?’’ कलमात दोनच गोष्टी होत्या: नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाचं प्रमाणपत्र आणि दाखल असल्यास रुग्णालयाचा पुरावा. सिव्हिल सर्जनच्या, म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या, सहीचा उल्लेख नव्हता. काही संस्थांच्या नियमात तो असतो, त्यामुळे तो नसेलच असं धरून चालू नका.

काकांचीही बाजू मामांनी मला येऊन सांगितली. प्रत्येक सत्रात त्यांच्याकडे गल्लीतल्या दवाखान्याच्या चिठ्ठ्यांचा ढीग येतो, त्यातल्या कित्येक पेपर अवघड गेल्यावर आणलेल्या असतात. कागद जितके जास्त तितका खरेपणा जास्त, असं त्यांनी अनुभवानं धरलेलं. मला ते पटलं. त्यांना खात्री हवी होती, आणि ती देणं माझं कामच होतं. पण खात्री पटायला आजार कळावा लागत नाही. कागद खरा आहे हे तपासता यावं लागतं. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की मार्ग दिसतो.

आणि मला भीती वाटायला कारण होतं. परीक्षा विभागातल्या त्या खोलीत अर्जांचे गठ्ठे उघड्या मांडणीवर असतात. ‘कमवा आणि शिका’मधली मुलं ते लावतात, त्यात माझ्याच वर्गातले दोघं होते. चांगली मुलं आहेत दोघंही. पण माझा डिस्चार्ज कागद त्यांच्या हातात पडावा असं मला अजिबात वाटत नव्हतं.

१३ डिसेंबरला तपासणीसाठी पुन्हा दवाखान्यात गेले, ओपीडीचे ७०० रुपये भरून. बरोबर आई. या वेळी मी मेडिसिन विभागाच्या डॉक्टरांना भेटायचं ठरवलं होतं. अतिदक्षता विभागात त्यांनीही मला रोज तपासलं होतं, त्यामुळे प्रमाणपत्र द्यायचा त्यांना अधिकार होता, आणि त्यांच्या शिक्क्यावर फक्त नाव, एम.डी. आणि नोंदणी क्रमांक होता. परीक्षेचं वेळापत्रक, नियमावलीचं पान आणि जुनं प्रमाणपत्र मी बरोबर नेलं होतं. अडचण सांगितली तेव्हा त्यांनी लगेच मान डोलावली, त्यांच्याकडे अशी मुलं आधीही आली असावीत.

तेवढ्यात आई म्हणाली, ‘‘डॉक्टर, टायफॉईड लिहा ना. कोणी काही विचारणार नाही.’’

आईचा हेतू सरळ होता. उद्या मुलीच्या लग्नात, नोकरीत हा कागद कुठून तरी निघू नये एवढंच तिच्या मनात. डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, ‘‘ताई, टायफॉईड लिहिलं की ते खोटं प्रमाणपत्र झालं. त्यात माझी नोंदणी जाऊ शकते आणि हिची परीक्षाही. पण नाव लिहिलं नाही तर ते खोटं होत नाही. मी जे लिहीन ते शंभर टक्के खरं असेल, फक्त सगळं लिहिणार नाही.’’

मग त्यांनी आम्हाला नियम समजावून सांगितले. नंतर मी ते स्वतः वाचले. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचे नियम २००२ चे आहेत. त्यात खोटं प्रमाणपत्र देणं हे गैरवर्तन धरलंय, तसंच रुग्णाची गुपितं फोडणंही. न्यायालयाचा आदेश, एखाद्या माणसाला किंवा समाजाला ठोस धोका, आणि सरकारला कळवणं बंधनकारक असलेले रोग, एवढेच अपवाद. याच नियमांना जोडून रजेच्या प्रमाणपत्राचा एक नमुना आहे आणि त्यात आजाराचं स्वरूप लिहायची जागा आहे, म्हणून निवासी डॉक्टर सवयीनं निदान भरतात. ‘‘तो नमुना नोकरीवरच्या रजेसाठीचा आहे,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘तुझ्या कॉलेजच्या नियमात निदान मागितलेलं नाही. मी साध्या लेटरहेडवर देतो.’’

त्यांनी काय लिहिलं ते जवळजवळ शब्दशः देते, मूळ इंग्रजीत होतं:

‘सदर विद्यार्थिनी, जिची सही खाली आहे, २६ नोव्हेंबर २०२४ ते ७ डिसेंबर २०२४ या काळात या रुग्णालयात गंभीर आजारासाठी दाखल होती आणि तिला काही काळ अतिदक्षता विभागात उपचार द्यावे लागले. मी तिला या काळात आणि आज, १३ डिसेंबर रोजी, तपासले आहे. २६ नोव्हेंबरपासून ती कोणतीही लेखी परीक्षा देण्यास वैद्यकीयदृष्ट्या असमर्थ होती. ५ जानेवारी २०२५ पर्यंत तिला विश्रांतीची गरज आहे. त्यानंतर फेरतपासणी करून तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र देण्यात येईल. रुग्णाच्या विनंतीवरून निदान नमूद केलेले नाही. रुग्णालयाच्या नोंदींत ते उपलब्ध आहे.’

शेवटचं वाक्य त्यांनी स्वतःहून घातलं, आणि समितीच्या दृष्टीनं तेच सगळ्यात महत्त्वाचं ठरलं. लपवालपवी चाललेली नाही, निदान झालेलं आहे आणि नोंदलेलं आहे, हे त्यातून कळतं. ‘गंभीर शारीरिक आजार’ असं लिहा, असं मी सुचवलं होतं. ते नको म्हणाले. मानसिक आजाराच्या रुग्णांनाही ते याच साच्यात प्रमाणपत्र देतात. काहींच्या कागदावर ‘शारीरिक’ आणि काहींच्या कागदावर नाही असं झालं, की नसलेल्यांबद्दल लोक तर्क करणार. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये त्या रुग्णांच्या गोपनीयतेचा हक्क वेगळा लिहिलेला आहे, तो अशा एका शब्दानं मोडू नये. त्यांचं म्हणणं ऐकून मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

दोन गोष्टींना त्यांनी ठाम नकार दिला. मागची तारीख टाकायला, आणि ‘परीक्षा पुढे ढकलावी’ असं लिहायला. कागदावरची तारीख ज्या दिवशी सही केली तीच राहणार. आजाराचा काळ मात्र नोंदींवरून आधीचा लिहिता येतो, कारण त्या काळात त्यांनी तपासलेलं होतं. आणि परीक्षेचं काय करायचं हे कॉलेज ठरवेल, विद्यार्थी परीक्षेला बसण्याजोगा होता की नाही एवढंच डॉक्टर सांगू शकतात. ज्या डॉक्टरांनी त्या दिवसांत तुम्हाला पाहिलेलंच नाही त्यांच्याकडे नंतर प्रमाणपत्र मागायला जाण्यात म्हणूनच अर्थ नसतो.

सहीच्या वेळी त्यांनी एक जाड नोंदवही काढली. अनुक्रमांक, माझं नाव, पत्ता, डाव्या मनगटावरचा तीळ ही ओळखखूण, माझी सही. प्रमाणपत्रावरही तोच अनुक्रमांक, तीच खूण, त्यांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का. एक प्रत त्यांनी ठेवून घेतली. ही नोंदवही आणि ओळखखूण त्याच २००२ च्या नियमांत आहे. काउंटरवर प्रमाणपत्राचे २०० रुपये भरून पावती घेतली.

आता दाखल असल्याचा पुरावा. मैत्रीण म्हणाली, डिस्चार्ज कार्डावर काळी पट्टी मारून झेरॉक्स देऊ. आम्ही करून पाहिलं. मार्करखालची अक्षरं उजेडात धरली की वाचता येत होती. पीडीएफवर काळा चौकोन टाकला तर खालचा मजकूर निवडून कॉपी होत होता. आणि पट्ट्या मारलेला कागद पाहिला की माणसाचं लक्ष नेमकं पट्टीकडेच जातं. बिलही उपयोगाचं नव्हतं, कारण त्यात प्रत्येक तपासणीचं आणि औषधाचं नाव ओळीनं छापलेलं असतं. शेवटी रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात अर्ज केला आणि दाखल झाल्याचा व घरी सोडल्याचा फक्त दाखला मागितला. नाव, वय, आंतररुग्ण क्रमांक, दोन तारखा. वॉर्डाचं नाव गाळा, अशी अर्जातच विनंती केली होती. खिडकीवरच्या ताईंनी आधी ‘असा वेगळा देत नाही’ म्हटलं, मग आतून विचारून आल्या आणि दुसऱ्या दिवशी या म्हणाल्या. १५० रुपये लागले. आपल्या नोंदींची प्रत मागितली तर ती ७२ तासांत द्यावी असं डॉक्टरांच्या त्याच २००२ च्या नियमांत आहे, त्यामुळे मुदत जवळ आली असेल तरी हा कागद वेळेत हाती येऊ शकतो.

कॉलेजची मुदत १९ डिसेंबरला संपत होती. १६ तारखेला मी मामांबरोबर स्वतः गेले. जिना चढताना दोनदा थांबावं लागलं. अर्ज एका पानाचा होता: कोणते पेपर, कोणत्या तारखा, कोणत्या नियमाखाली विनंती. आजारपणाच्या परिच्छेदात ‘तपशील सोबतच्या प्रमाणपत्रात’ एवढंच. सहपत्रांच्या यादीत ‘वैद्यकीय प्रमाणपत्र, बंद पाकिटात, फक्त परीक्षा नियंत्रकांसाठी’. आणि एक वेगळं संमतिपत्र जोडलं, जे मला वाटतं प्रत्येकानं जोडावं. त्यात लिहिलं होतं की या क्रमांकाचं प्रमाणपत्र तुम्ही दिलंय का आणि त्यातला मजकूर बरोबर आहे का, एवढं कॉलेजनं रुग्णालयाला विचारायला माझी हरकत नाही. निदान, उपचार आणि इतर नोंदी देण्यास संमती नाही. सही, तारीख, आणि ३१ जानेवारी २०२५ पर्यंतच वैध.

काकांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. ‘‘बंद का?’’

‘‘काका, आत माझी तब्येत आहे. मॅडमना द्यायचंय.’’

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, काय वाटलं कोण जाणे, आणि उठून स्वतः मला परीक्षा नियंत्रक मॅडमच्या केबिनमध्ये घेऊन गेले. मॅडमनी पाकीट उघडलं, वाचलं, डिस्चार्ज कार्ड आहे का विचारलं. मी म्हटलं, मूळ फाईल बरोबर आहे, हवी तर आत्ता तुमच्यासमोर दाखवते, पण प्रत ठेवू नका. त्यांनी फक्त पहिल्या पानावरचं माझं नाव आणि तारखा पाहिल्या, पुढे उलटलं नाही. अर्जावर ‘मूळ कागद पाहिले’ असा शेरा मारून पाकीट आपल्या कपाटात ठेवलं. समितीत तीन जण असतात, तेवढेच बघतील, असंही सांगितलं. मी अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. निघताना काका म्हणाले, ‘‘प्रमाणपत्राचा फोटो माझ्या व्हॉट्सॲपवर टाकून ठेव, लागला तर.’’ लागला तर मॅडमच्या कार्यालयीन मेलवर पाठवते, असं मी नम्रपणे सांगितलं. फोनमधला फोटो कुठे कुठे जातो यावर त्यांचाही ताबा राहत नाही.

मग नुसती वाट पाहणं. हा काळ मला आजारापेक्षा जड गेला. मुलं इंटर्नशिपच्या गोष्टी करत होती आणि माझं सत्र अधांतरी. मधे कॉलेजनं दवाखान्यात फोन करून चौकशी केली, पण फोनवर माहिती देत नाही असं उत्तर मिळालं. योग्यच होतं ते. मग कॉलेजनं माझं संमतिपत्र जोडून पत्र पाठवलं, आणि ‘या क्रमांकाचे प्रमाणपत्र आमच्या नोंदवहीत आहे, मजकूर बरोबर आहे’ असं दोन ओळींचं उत्तर गेलं. नाताळच्या सुट्ट्या धरून यात बरेच दिवस गेले.

३ जानेवारीला समितीची बैठक झाली आणि मॅडमचा फोन आला. सदस्यांचा एकच प्रश्न होता: हा संसर्गजन्य आजार आहे का? मुलगी वसतिगृहात राहते, परीक्षेला हॉलमध्ये बसणार. पहिल्यांदा मला राग आला. मग वाटलं, हा प्रश्न विचारायचा त्यांना हक्क आहे, कारण तो इतरांच्या तब्येतीचा आहे. पण त्याचंही उत्तर आजाराच्या नावाशिवाय देता येतं. ८ जानेवारीला तंदुरुस्तीच्या तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांनी प्रमाणपत्रात लिहिलं की विद्यार्थिनी वर्गात, वसतिगृहात आणि परीक्षेला हजर राहण्यास योग्य आहे आणि तिच्यामुळे इतरांच्या आरोग्यास धोका नाही. पुढे, तीन तासांच्या पेपरात पाण्याची बाटली आणि औषध जवळ ठेवण्याची व एकदा पाच मिनिटं बाहेर जाण्याची मुभा असावी. कळवणं बंधनकारक असलेला रोग असता, जसा क्षयरोग २०१२ पासून आहे, तर डॉक्टरांनी तो सरकारी आरोग्ययंत्रणेला कळवला असता. तशा वेळीही कॉलेजला निदान कळवणं हा त्या नियमाचा भाग नाही, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला, आदेश मिळाला. चार पेपर पुन्हा घेण्यास मंजुरी, पहिला प्रयत्न म्हणूनच धरणार, दर पेपरला ४०० रुपये शुल्क. २५ नोव्हेंबरचा पेपर मात्र आहे तसा ग्राह्य. तो मी तापात दिला होता आणि त्यात गुण कमी पडले, पण प्रमाणपत्र २६ पासूनचं होतं आणि हॉलमध्ये बसलेला विद्यार्थी परीक्षेला समर्थ होता असंच धरलं जातं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुम्हाला पेपरच्या सकाळीच बरं नसेल, तर हॉलमध्ये जायच्या आधी डॉक्टरांना दाखवून घ्या, एवढं सांगावंसं वाटतं.

दोन दिवसांनी मैत्रिणीनं सूचनाफलकाचा फोटो पाठवला. ‘वैद्यकीय कारणास्तव फेरपरीक्षेस पात्र विद्यार्थी’ असं शीर्षक आणि खाली सहा जणांची पूर्ण नावं, त्यात माझं तिसरं. एवढं जपून केलेलं सगळं एका कागदानं भिंतीवर लावलेलं. हात थरथरत होते, तरी भांडण्याचा सूर न लावता मॅडमना मेल लिहिला: वेळापत्रकासाठी बैठक क्रमांक पुरेसे आहेत, नावं आणि कारण दोन्ही काढावं ही विनंती. दुपारी काका फलकापाशी जाऊन कागद बदलून आले. नव्या कागदावर ‘फेरपरीक्षा वेळापत्रक’ आणि सहा बैठक क्रमांक होते. ती यादी जाणूनबुजून कोणी लावली नव्हती, जुना नमुना तसाच चालत आला होता. तुमच्याकडे असं व्हायचं नसेल तर अर्जातच एक ओळ घाला की सूचना लावताना नाव व कारण प्रसिद्ध करू नये.

२७ जानेवारी ते ३ फेब्रुवारी या काळात पेपर झाले. पर्यवेक्षकांकडे माझ्या बाटलीची आणि औषधाची परवानगी आधीच पोहोचलेली होती, त्यांनी काही विचारलं नाही. निकाल २४ फेब्रुवारीला लागला. गुणपत्रिका हातात आल्यावर आधी शेऱ्याचा रकाना पाहिला. तो रिकामा होता.

पण कागदाची गरज संपली नव्हती. विभागात हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली म्हणून प्रमाणपत्र मागितलं, वसतिगृहानं गैरहजेरीसाठी मागितलं, शिष्यवृत्तीच्या खिडकीवर निकाल उशिरा का असं विचारलं. दर ठिकाणी वैद्यकीय कागद द्यायचा म्हणजे आणखी तीन मांडण्यांवर तो पडून राहणार. मी तिन्ही ठिकाणी परीक्षा विभागाचा १५ जानेवारीचा आदेश दिला. त्यात ‘समितीने कागदपत्रांची पडताळणी करून मंजुरी दिली आहे’ असं वाक्य आहे, आणि त्यावर कोणालाच पुढे विचारायची गरज वाटली नाही. विभागप्रमुख सरांनी मात्र ‘तंदुरुस्तीचं तरी दे’ म्हटलं, ते दिलं, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच.

मार्चमध्ये मॅडमना भेटून पाकिटाचं काय होणार ते विचारलं. निकालाच्या फेरतपासणीची मुदत संपेपर्यंत ते ठेवावं लागतं, म्हणाल्या, आणि नंतर अर्ज दिल्यास परत मिळेल. तो अर्ज मी तिथेच बसून लिहिला आणि त्यावरही आवक क्रमांक घेतला.